येणं थांबलेल्या ग्राहकाला मेसेज कसा लिहावा: नव्यानं पार्लर चालवणाऱ्यांसाठी

पार्लर सुरू होऊन दीड-दोन वर्षं झाली की वहीत एक यादी आपोआप तयार होते. नियमित यायच्या आणि आता येत नाहीत, अशा बायकांची. नवं गिऱ्हाईक आणायला पत्रकं, इन्स्टाग्राम, ओळखीपाळखी असा सगळा खटाटोप करावा लागतो. या बायकांना मात्र तुमचा पत्ता, तुमचा हात, तुमचे दर सगळं आधीच माहीत असतं. म्हणून मेसेज पाठवायचं सुचतं, आणि घाईत जो मेसेज जातो तो बहुतेक वेळा टोमणा तरी असतो नाहीतर गळेपडूपणा.

मी लेडीज पार्लर चालवते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देते. जेंट्स सलूनला जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

हाताशी काय लागेल

- ग्राहकांची वही किंवा बिलिंग सॉफ्टवेअरमधली यादी: नाव, शेवटची तारीख, काय करून घेतलं, कोणी केलं
- रंगाची कार्डं (शेड नंबर, डेव्हलपरची ताकद, किती वेळ ठेवला), असतील तर
- पार्लरच्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस. घरचा नंबर वेगळा ठेवा
- पुढच्या दोन आठवड्यांच्या मोकळ्या वेळा
- एक कोरं पान, कोणाला कधी पाठवलं आणि काय उत्तर आलं ते लिहायला

१. खरंच कोण थांबलंय ते आधी ठरवा

‘तीन महिने आली नाही म्हणजे गेली’ असा सरसकट नियम लावू नका. थ्रेडिंगला येणारी बाई तीन आठवड्यांनी येते. वॅक्सिंग चार ते सहा आठवड्यांनी, मुळांचा रंगही साधारण तसाच. लांब केस ठेवणारी एखादी मात्र फक्त टोकं कापायला वर्षातून तीनदा येते, आणि ती तीन महिने दिसली नाही तर त्यात नवल काही नाही.

म्हणून प्रत्येकीचा स्वतःचा फेरा बघा. मागच्या चार-पाच भेटींमधलं अंतर काढा. त्याच्या दुपटीहून जास्त दिवस उलटले असतील तरच नाव यादीत घ्या. पाच आठवड्यांनी येणारी दहा आठवडे होऊन गेले तरी आली नाही, तर काहीतरी बदललं आहे. जी एकदाच आली होती तिला फेराच नाही, तिला या यादीत धरू नका. लग्नाच्या मेकअपला आलेली नवरी तर मुळीच नाही.

जेंट्स सलूनवाल्यांनी श्रावण वजा करावा. महिनाभर कात्री-वस्तरा न लावणारे बरेच असतात आणि ते गणपतीच्या तोंडावर आपसूक येतात. त्यांना श्रावणाच्या शेवटी ‘बरेच दिवस आला नाहीत’ असं कळवणं म्हणजे आपलंच हसं.

२. कोणाला पाठवायचं नाही, ती नावं काढा

यादी झाली की पार्लरमधल्या सगळ्या मुलींना घेऊन बसा आणि एकेक नाव मोठ्यानं वाचा. वहीत नसलेलं बरंच काही त्यांना ठाऊक असतं. एकीच्या घरी दुःखद घटना घडली आहे, एकीची बदली झाली, एकीला दिवस गेले आहेत आणि तिनं रंग बंद केला आहे, एकीवर उपचार चालू आहेत. यातल्या कोणालाही ऑफरचा मेसेज जाता कामा नये. ओळख जवळची असेल तर चौकशी जरूर करा, पण माणूस म्हणून, स्वतःच्या नंबरवरून, आणि त्यात पार्लरचा विषय काढू नका.

दुसरा गट नाराज होऊन गेलेल्यांचा. केस ठरल्यापेक्षा आखूड झाले, वॅक्सनं चटका बसला, पैशांवरून शब्दाला शब्द लागला. त्यांची नावं वेगळ्या पानावर लिहा. त्यांना सूट देणं म्हणजे झालेल्या गोष्टीवर पांघरूण घालणं, आणि ते त्यांना कळतं. त्यांच्यासाठी वेगळा मजकूर पुढे देते.

३. आधी कारण, मग मेसेज

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ‘परत या’ हे काही कारण नाही. ती येत नव्हती त्यामागे काहीतरी अडचण होती, आणि ती अडचण आता तुमच्याकडून दूर झाली असेल तर ते कारण. नसेल झाली, तर मेसेज कितीही गोड लिहा, उपयोग नाही.

वहीत बघा. शनिवारी संध्याकाळीच येणारी बाई असेल तर तिला गर्दीत तासभर बसावं लागत असणार. ठरावीक मुलीकडूनच करून घेणारी असेल आणि ती मुलगी तुमच्याकडून गेली असेल, तर कारण शोधायलाच नको. आधी पूर्ण लांबीला रंग, मग फक्त मुळांना, मग नुसतं थ्रेडिंग असा बिलाचा आकडा उतरत गेला असेल तर पैशांची ओढाताण असू शकते. अर्थात हा अंदाज आहे, तो मेसेजमध्ये कधीही बोलून दाखवायचा नाही. त्याचा उपयोग काय कळवायचं ते ठरवण्यापुरताच.

गर्दीमुळे गेलेलीला नव्या वेळा कळवा. मुलगी गेली म्हणून थांबलेलीला सांगा की आता केस कोण कापतं आणि रंगाचं जुनं कार्ड जपून ठेवलेलं आहे. पैशांचा प्रश्न वाटतो तिथे लहान काम सुचवा: सगळ्या मुळांऐवजी फक्त भांग आणि कानशिलं, कमी रंगात, कमी पैशांत. असं काम मिळतं हेच पुष्कळ बायकांना माहीत नसतं.

सरसकट टक्क्यांच्या सुटीबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि त्याला हिशोबाचं कारण आहे. समजा मुळांच्या रंगाचे ९०० रुपये घेता आणि सामान २०० रुपयांचं लागतं. हातात ७०० राहतात. तीस टक्के सूट दिलीत की ६३० मिळतात आणि सामान तेवढंच लागतं, म्हणजे राहिले ४३०. सूट तिसाची आणि कमाईत घट जवळपास चाळीस टक्क्यांची. वर पूर्ण पैसे देऊन दर महिन्याला येणारी बाई शेजारच्या खुर्चीत बसून हे ऐकते. द्यायचंच असेल तर हातच्या कामातलं द्या: दहा मिनिटं डोक्याला तेलमालिश, किंवा पुढच्या बटांची कापणी. आणि त्याला ‘फक्त तीन दिवस’ अशी दोरी बांधू नका. दोन महिन्यांची मुदत ठेवा.

४. एक मेसेज मुळापासून लिहून पाहू

समजा वैशालीताई आहेत. ऑफिसला जातात, दर पाच आठवड्यांनी शनिवारी संध्याकाळी मुळांना रंग लावायला यायच्या. आता चौदा आठवडे झाले. गेल्या दोन वेळी त्यांना बराच वेळ थांबावं लागलं होतं, हे मुलींना आठवतं.

सहसा जातो तो मेसेज असा:

> नमस्कार मॅडम!! खूप दिवस झाले, दर्शनच दुर्लभ झालं! आम्हाला विसरलात का? केसांना रंगाची वेळ कधीच होऊन गेली! फक्त ३ दिवस, सर्व सेवांवर ३०% सूट. आजच या!

पहिल्या दोन वाक्यांत तिच्यावर हजेरी न लावल्याचा ठपका आहे. तुम्ही गमतीनं लिहिलंत, पण फोनवर आवाज ऐकू येत नाही. तीन दिवसांच्या घाईत ‘नाही’ म्हणणं तिला अवघड करून ठेवलं आहे. पण खरी घोडचूक रंगाच्या वाक्यात आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडे जास्त वाढतात, म्हणजे चौदा आठवड्यांत भांगाशी तीन-साडेतीन सेंटिमीटर नवा केस आलेला असणार. तो पांढरा दिसत असेल हे तिला तुमच्याआधी आरशानं सांगितलेलं आहे. ती दुसरीकडे जात असेल, घरी पाकिटातला रंग लावत असेल, किंवा तिनं पांढरे केस तसेच ठेवायचं ठरवलं असेल. तिन्ही शक्यतांत हे वाक्य बोचतं.

आता तोच मेसेज कारण धरून:

> नमस्कार वैशालीताई, मी पार्लरमधून गौरी. आता आपण बुधवारी आणि गुरुवारी रात्री साडेआठपर्यंत अपॉइंटमेंट घेतो. त्या वेळेत एका वेळी एकच जण असतं, त्यामुळे थांबावं लागत नाही. तुम्ही ऑफिस सुटल्यावर यायच्या, म्हणून तुम्हाला कळवावंसं वाटलं. कधी सोयीचं वाटलं तर वार आणि वेळ लिहा, मी जागा ठेवीन. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. असे मेसेज नको असतील तर ‘नको’ एवढं लिहिलं तरी चालेल.

मेसेज कोणाचा हे पहिल्याच ओळीत कळतं (पार्लरच्या जागी तुमचं नाव येईल). किती दिवस झाले याचा उल्लेखच नाही. कारण खरं आहे आणि तिच्याशी जुळणारं आहे. काय करायचं ते एकच आहे: वार आणि वेळ लिहायची. लिंक, फॉर्म, कॅटलॉग यातलं काहीही जोडू नका. शेवटच्या दोन वाक्यांमुळे गप्प राहणं तिला सोपं जातं. नवख्या मालकिणी नेमकी हीच दोन वाक्यं गाळतात, कारण आपणच ‘नको’ सुचवतोय असं वाटतं. जिला यायचं नाही ती त्यांच्याशिवायही येत नाही, फक्त तुमचा नंबर ब्लॉक करून टाकते.

संबोधन तुमच्या खुर्चीतलंच ठेवा. समोर ‘काकू’ म्हणत असाल तर मेसेजमध्ये एकदम ‘मॅडम’ नको. कॉलेजच्या मुलीला ‘तू’ म्हणत असाल तर ‘तू’च. साचा एक ठेवून मधली दोन वाक्यं प्रत्येकीसाठी बदला. ती बदलता येत नसतील तर तुमच्याकडे तिच्यासाठी कारण नाही, असं समजून ते नाव तूर्त बाजूला ठेवा.

नाराज होऊन गेलेल्यांसाठी फोन सगळ्यात बरा. लिहायचंच तर एवढंच:

> नमस्कार अनघाताई, मी गौरी. मागच्या वेळी केस तुम्ही सांगितल्यापेक्षा आखूड कापले गेले, ती आमची चूक होती. त्याच वेळी नीट बोलायला हवं होतं, ते राहिलं. त्याबद्दल मनापासून सॉरी. तुम्हाला काही सांगायचं असेल तर मी ऐकायला आहे.

यात ऑफर नाही, ‘परत या’ही नाही. ती स्वतः म्हणाली तरच पुढचं बोला.

५. तो फोन कोणाचा आहे?

वहीतला नंबर तिचाच असेल असं नाही. पुष्कळ बायका नवऱ्याचा किंवा घरातला सामाईक नंबर देतात. तिचाच असला तरी फोन लॉक असताना मेसेजच्या पहिल्या ओळी वर दिसतात आणि घरातलं कोणीही वाचतं. म्हणून मेसेजमध्ये कामाचं नाव लिहू नका. रंग, अप्परलिप, वॅक्स, केस गळण्यावरचे उपचार, काहीच नाही. वरच्या मेसेजमध्ये वैशालीताईंच्या रंगाचा उल्लेख नाही तो यासाठीही. ‘तुमचं जुनं कार्ड जपून ठेवलंय’ एवढंच लिहिलं तर तिला कळतं, इतरांना नाही. आधीचे-नंतरचे फोटो, मग ते तिचे असोत नाहीतर दुसरीचे, पाठवू नका.

६. कसा आणि कधी पाठवायचा

व्हॉट्सॲपवरून एकेकीला स्वतंत्र पाठवा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण घेता येतात म्हणून मोह होतो, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. येणं थांबलेल्यांमध्ये असे कमीच. ग्रुप करणं तर टाळाच. एकमेकींचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि कोण कोण येत नाही याची जाहीर यादी होते.

नुसत्या एसएमएसनं जाहिरात करायची तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर धंद्याची नोंदणी, पाठवणाऱ्याचं ठरावीक नाव आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. पाच-पन्नास नावांसाठी ते परवडत नाही. आणि साध्या सिमवरून ढीगभर जाहिरातीचे एसएमएस पाठवले तर तक्रारीवरून नंबर बंद होऊ शकतो.

दिवसाला आठ-दहाच पाठवा. कारण सोपं आहे: उत्तर आलं तर तासाभरात तुम्हाला बोलता आलं पाहिजे, आणि कळवलेली वेळ खरंच मोकळी असली पाहिजे. ‘थांबावं लागत नाही’ असं लिहून तिला थांबवलंत तर दुसरा मेसेज लिहिण्यात अर्थ नाही. दुपारी तीन ते पाच ही वेळ मला बरी वाटते. सकाळी डब्यांची घाई आणि रात्री घर असतं. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या ऐन आठवड्यात पाठवू नका, तेव्हा तुमच्याकडे खुर्ची रिकामी नसते. गौरी-गणपतीआधी तीन आठवडे, किंवा रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू आटोपल्यावर थोडी उसंत असते तेव्हा, असं बघा.

७. उत्तर आल्यावर, आणि न आल्यावर

- ‘हो, येईन’ असं मोघम आलं तर लगेच ‘कधी?’ विचारू नका. ‘छान, ठरलं की कळवा’ एवढं पुरे.
- ‘आता दुसरीकडे जाते’ असं आलं तर ‘कळवल्याबद्दल धन्यवाद, कधीही या’. दुसऱ्या पार्लरबद्दल एक शब्दही नको, आणि दर किती ही चौकशीही नको.
- ‘नको’ आलं तर ‘बरं ताई, पाठवणार नाही’ लिहून यादीत खूण करा. ती खूण सणाच्या शुभेच्छांनाही लागू आहे. इथेच बऱ्याचदा घोटाळा होतो, कारण शुभेच्छांची यादी दुसऱ्या फोनवर असते.
- तक्रार आली तर मेसेजवर वाद घालू नका, फोन करा.

बहुतेक वेळा काहीच उत्तर येणार नाही. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणून ‘ताई, मेसेज बघितलात का?’ असं विचारणं म्हणजे आधीच्या मेसेजमधलं ‘उत्तर द्यायलाच हवं असं नाही’ खोटं पाडणं. पुढचा मेसेज निदान तीन महिन्यांनी, आणि तोही नवं कारण असेल तरच. त्यालाही उत्तर आलं नाही तर थांबा. नाव पुसू नका, पण आपणहून काही पाठवूही नका.

महिनाअखेर पानावर दोनच आकडे मांडा: किती जणींना पाठवलं, त्यातल्या किती आल्या. जमलं तर यादीतल्या चार-सहा जणींना मुद्दाम काहीच पाठवू नका आणि त्यांतली कोणी आपणहून येते का ते बघा. सणाच्या तोंडावर काही जणी येणारच असतात, त्यांचं श्रेय मेसेजला द्यायला नको.

८. ती आली की

मेसेजमध्ये टाळलेलं सगळं दारातच बाहेर पडू शकतं. ‘अय्या, किती दिवसांनी!’, ‘कुठे होतात इतके दिवस?’, ‘हे केस कोणी कापले?’, ‘किती खराब झालेत, बघा!’ मुली हे सवयीनं म्हणतात, वाईट हेतू नसतो. म्हणून तिची अपॉइंटमेंट असेल त्या दिवशी सकाळीच सांगून ठेवा: ‘या ताई, बसा’ असं म्हणायचं, नेहमीसारखं. त्या दिवशी फेशियल, स्पा, पॅकेज यातलं काही गळ्यात मारायचं नाही.

मधल्या काळात दर वाढले असतील तर खुर्चीत बसण्याआधी सांगा, बिलाच्या वेळी नाही.

रंग असेल तर एक गोष्ट विचारावीच लागते, फक्त सूर कामाचा ठेवा: ‘मध्ये घरी रंग किंवा मेंदी लावली होती का? त्याप्रमाणे मिसळते.’ पाकिटातल्या काळ्या रंगाचा किंवा मेंदीचा थर आधीच असला तर जुन्या कार्डावरची शेड तशीच लावून चालत नाही. मुळं एक दिसतात आणि खालचे केस दुसरे, मध्ये पट्टा उमटतो. मोठा खंड पडला असेल, बाळंतपण किंवा आजार झाला असेल, तर कानामागे पॅच टेस्ट पुन्हा करा आणि ४८ तास थांबा. यासाठी तिला आधी पाच मिनिटं येऊन जावं लागतं, म्हणून हे वेळ ठरवतानाच फोनवर बोलून घ्या, मेसेजवर नको. गुरुवारची वेळ हवी असेल तर टेस्ट मंगळवारी त्याच वेळेच्या आत झाली पाहिजे.

ती गेल्यावर कार्डावर नवी तारीख आणि नवी शेड लिहा. तिचा फेरा आता पाच आठवड्यांचा राहिला नसेल, आठाचाही झाला असेल. पुढची मोजणी त्यावरून करा.